भाजलेली कॉफी फ्रीजरमध्ये: पंधरा-पंधरा ग्रॅमच्या नळ्यांच्या नोंदी

९ जून २०२४, पुणे

चिकमगळूरच्या एका भट्टीवाल्याकडून मागवलेली एक किलो अरेबिका परवा हाती आली. पिशवीवर भाजणीची तारीख ३ जून आहे आणि भाजणी मध्यमपेक्षा किंचित हलकी आहे. आमच्या घरी दिवसाला दोनदा पंधरा-पंधरा ग्रॅम कॉफी लागते, म्हणजे किलोभर कॉफी महिनाभर पुरते. गेल्या दोन वेळचा अनुभव असा की तिसऱ्या आठवड्यापर्यंत चव चांगली राहते आणि चौथ्या आठवड्यात कपातून फक्त कडवटपणा आणि पुठ्ठ्यासारखा वास उरतो. त्यामुळे या खेपेला बिया थोड्या-थोड्या वेगळ्या करून गोठवायच्या आणि काय होते ते तारखेसह लिहून ठेवायचे असे ठरवले आहे.

मुळात बिया शिळ्या होतात म्हणजे तीन गोष्टी एकाच वेळी घडत असतात. भाजताना बीमध्ये कोंडलेला कार्बन डायऑक्साइड हळूहळू बाहेर पडतो आणि जाताना सुगंधी द्रव्येही सोबत घेऊन जातो, हवेतला ऑक्सिजन त्या द्रव्यांना आणि बीमधल्या तेलाला बिघडवत राहतो, आणि हवेतला ओलावा बीमध्ये शिरून हे सारे काम जलद करतो. थंडीने पहिल्या दोन गोष्टी मंदावतात. तिसरी मात्र निष्काळजीपणा झाला तर थंडीमुळेच वाढते, कारण थंड बीवर दव धरते. या प्रयोगाची सगळी अडचण त्या दवातच आहे.

गोठवल्याने बीचे काही बिघडत नाही का, असा प्रश्न घरात निघाला. भाजी किंवा मासा गोठवताना आतल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि ते पेशी फाडतात. भाजलेल्या कॉफीत पाणी जेमतेम दोन-तीन टक्के असते आणि तेही घट्ट बांधलेले असते, त्यामुळे फाडण्याइतका बर्फ तयारच होत नाही.

आज काहीही गोठवलेले नाही. ताज्या भाजलेल्या बिया लगेच गोठवल्या तर त्यांचा वायूही तसाच कोंडून राहतो आणि महिन्याभराने बाहेर काढल्यावर त्या कालच भाजल्यासारख्या वागतात. गरम पाणी ओतताच खूप फुगतात, पाणी भुकटीत नीट मुरत नाही आणि चव आंबट, उथळ लागते. म्हणून आधी चव जिथे सगळ्यात चांगली लागते तिथवर बिया मुरू द्यायच्या आणि त्या टप्प्यावर त्यांना थांबवायचे. या भट्टीच्या कॉफीसाठी तो टप्पा माझ्या जिभेला दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास येतो.

१५ जून २०२४

आज भाजणीला बारा दिवस झाले. सकाळचा कप उत्तम होता, म्हणून आजच भरणी केली.

प्रयोगशाळेत वापरतात त्या ५० मिलिलिटरच्या, टोकाला निमुळत्या, फिरकीच्या झाकणाच्या प्लास्टिकच्या नळ्या आणल्या आहेत. एका नळीत या भाजणीच्या पंधरा ग्रॅम बिया भरल्यावर वर बोटभर जागा उरते. साध्या झिपच्या पिशव्या मुद्दाम टाळल्या, कारण पातळ पॉलिथिनमधून वासही जातो आणि ऑक्सिजनही, शिवाय तिची चेन नीट बसली की नाही हे डोळ्यांना कळत नाही. नळी पारदर्शक असल्यामुळे आत बर्फ धरला तर लगेच दिसेल, हा मला तिचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

किलोची वाटणी अशी केली: चाळीस नळ्यांत सहाशे ग्रॅम, स्टीलच्या झाकणाच्या एका डब्यात दोनशे ग्रॅम, आणि उरलेले दोनशे ग्रॅम मूळ पिशवीतच, हवा दाबून काढून, स्वयंपाकघरातल्या कपाटात. गोठवलेला डबा रोज उघडून त्यातली कॉफी काढायची, म्हणजे बहुतेक घरांत जसे होते तसे. मधल्या सहा दिवसांत प्यायलेली कॉफी जुन्या पिशवीतली होती, म्हणून आजचा सकाळचा कप सोडला तर हा हिशेब जुळतो.

नळ्या भरताना बाहेर पावसाची भुरभुर होती आणि हवा दमट होती. ही दमट हवा नळीत बंद होईल, तिचे काय, अशी शंका मला आली. गणित करून पाहिल्यावर ती शंका फिटली. २६ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर एका घनमीटर हवेत सुमारे एकवीस ग्रॅम वाफ असते. नळीत बियांच्या फटींतली आणि वरची मिळून हवा पंचवीस-तीस मिलिलिटर, म्हणजे तिच्यात वाफ जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. पंधरा ग्रॅम कॉफीला तिची दखलही नाही. धोका कोंडलेल्या हवेचा नाही, सतत येत राहणाऱ्या हवेचा आहे.

झाकणे घट्ट आवळून त्यांच्या कडेभोवती टेपचे दोन फेरे दिले. प्रत्येक नळीवर भाजणीची आणि गोठवण्याची तारीख लिहिली. साध्या पेनची शाई थंडीत पुसली जाते म्हणून पक्क्या मार्करने लिहिले. नळ्या एका खोक्यात उभ्या करून फ्रीजरच्या तळाशी, मागच्या बाजूला ठेवल्या. दाराजवळ ठेवल्या तर दर वेळी दार उघडले की त्यांचे तापमान वरखाली होते.

१६ जून २०२४

फ्रीजरमध्ये खोक्याशेजारी थर्मामीटर ठेवून दिवसभर पाहिले. मागच्या कोपऱ्यात तापमान उणे १७ ते उणे १९ अंशांच्या मध्ये राहिले. दुपारी मात्र एकदा ते उणे ११ पर्यंत चढून पुन्हा खाली आले. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजरमध्ये ठरावीक वेळाने गुंडाळी तापते, त्याचा हा परिणाम आहे. बंद नळीला याचे फारसे काही नाही. मात्र झाकण सैल असेल तर दर चढ-उताराला थोडी हवा आत-बाहेर होते आणि नळी जणू श्वास घेत राहते, हे लक्षात ठेवायला हवे.

याच फ्रीजरमध्ये ओले खोबरे, मटार आणि सुक्या बोंबलांची पुडी आहे. पुडी दोन डब्यांत बंद केली.

२ जुलै २०२४

स्टीलच्या डब्याचा निकाल अपेक्षेपेक्षा लवकर लागला. गेल्या पंधरवड्यात डब्यातून दहा वेळा पंधरा ग्रॅम बिया काढल्या. दर वेळी डबा ओट्यावर येतो, कोणीतरी झाकण काढते, चमचा शोधते, वजन करते आणि मग झाकण लावते. घड्याळ लावून पाहिले तर झाकण सरासरी दोन मिनिटे उघडे असते. हिशेबाने आत नेमके पन्नास ग्रॅम उरायला हवे होते. काट्यावर ते ५०.६ ग्रॅम भरले.

सहा दशांश ग्रॅम हा आकडा किरकोळ वाटतो. पण मूळ बीमधला ओलावाच दोन-तीन टक्के असताना त्यात सव्वा टक्क्याची भर पडली आहे, आणि वाढलेला ओलावा सगळ्या बियांत सारखा वाटला गेलेला नाही. वरच्या थरातल्या बिया हाताला चिकट लागतात आणि चावल्या तर ‘कट्’ असा आवाज न येता सादळलेल्या चिवड्यासारख्या मऊ दबतात. झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरी खर धरली होती. ती खर दर वेळी झाकण काढताना वितळून बियांवर पडली असणार.

त्या कॉफीचा कप वाईट होता असे नाही, पण चव फिकी आणि शेवटचा घोट किंचित खवट होता. सौभाग्यवतींनी “याला बोंबलाचा वास येतोय” असे जाहीर केले. मला तो आला नाही, पण डबा बाद केला. डब्यातल्या कॉफीची प्रत थंडीने खालावलेली नाही. रोजच्या उघडण्याने खालावली आहे, एवढे या पंधरवड्यात कळले. कपाटातल्या पिशवीतली कॉफी आज त्यापेक्षा बरी लागते.

७ जुलै २०२४

दव नेमके किती धरते हे पाहण्यासाठी आज एक नळी मुद्दाम बळी दिली. स्वयंपाकघरात २६ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता होती. अशा हवेचा दवबिंदू सुमारे २३ अंश असतो, म्हणजे २३ अंशांपेक्षा थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर हवेतली वाफ पाणी होऊन बसते. उणे १८ अंशांच्या बियांना खोलीच्या हवेत तेवढे तापायला जितका वेळ लागतो, तितका वेळ त्या पाणी ओढत राहतात.

खोलीच्या तापमानाच्या कोरड्या ताटलीत गोठलेल्या १५.०० ग्रॅम बिया एका थरात पसरल्या. पहिल्या अर्ध्या मिनिटात त्यांची चकाकी गेली आणि त्या धूसर दिसू लागल्या. दुसऱ्या मिनिटाला त्या पुन्हा चकाकल्या, पण ही चकाकी तेलाची नव्हती, पाण्याची होती. चौथ्या मिनिटाला काट्याने १५.१३ ग्रॅम दाखवले. कपाटातल्या तेवढ्याच बिया शेजारच्या ताटलीत तितकाच वेळ ठेवल्या होत्या. त्यांचे वजन १५.०१ ग्रॅम भरले. फरक थंडीचाच आहे यात शंका उरली नाही.

आणखी दहा मिनिटांनी बिया वरून कोरड्या दिसल्या. काही घरांत गोठवलेली कॉफी ताटात ओतून “जरा वाळू देतात” असे ऐकले आहे, आणि फसगत होते ती इथेच. पाणी उडून गेल्यामुळे बिया कोरड्या दिसत नाहीत, पाणी आत जिरल्यामुळे तशा दिसतात. वजन १५.१२ च्या खाली आले नाही.

१० जुलै २०२४

उलट दिशेने, बंद नळी उघडण्यापूर्वी किती वेळ थांबावे लागते हे आज मोजले. एका नळीच्या झाकणाला भोक पाडून त्यातून थर्मामीटरची बारीक सुई बियांच्या मध्यावर पोचवली आणि भोक मेणाने बंद केले. ही नळी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून सकाळी ओट्यावर उभी केली.

बाहेरून नळीवर लगेच दव धरले आणि पाचव्या मिनिटाला ओट्यावर पाण्याची चकती झाली. आतला आकडा पहिल्या आठ मिनिटांत शून्याजवळ आला, पण शेवटचे अंश रेंगाळले. २३ अंश ओलांडायला ३१ मिनिटे लागली. आत पाण्याचा थेंबही नव्हता. नळी उघडण्याआधी ती बाहेरून फडक्याने कोरडी पुसणे मात्र आवश्यक आहे, कारण फिरकीच्या आट्यांत अडकलेले पाणी झाकण काढताना सरळ बियांवर पडते. आज पहिल्याच खेपेला दोन थेंब पडले.

हाच प्रयोग कॉफीची अडीचशे ग्रॅमची जुनी पिशवी गोठवून केला. मध्यावरचा आकडा दवबिंदूपलीकडे जायला तीन तासांहून थोडा जास्त वेळ लागला. भाजलेल्या बिया हवेने भरलेल्या असतात, त्यामुळे त्यांचा ढीग उष्णता फार सावकाश आत जाऊ देतो. छोटा वाटा करण्याचा पहिला फायदा म्हणजे तो पुन्हा उघडावा लागत नाही, आणि दुसरा म्हणजे तो चटकन वितळतो.

घरासाठी नियम असा लिहिला आहे: सकाळी उठल्यावर नळी बाहेर काढायची, अंघोळ वगैरे उरकून तासाभराने पुसून उघडायची, आणि उघडलेली नळी पुन्हा फ्रीजरमध्ये ठेवायची नाही.

१४ जुलै २०२४

चार आठवडे झाले. आज पहिली चाचणी घेतली: चार आठवडे गोठवलेली नळी आणि तितकाच काळ कपाटात राहिलेली कॉफी.

‘ही ताजी, ही शिळी’ असे सांगून प्यायला दिले तर प्रत्येकाला हवी तशी चव लागते, म्हणून त्रिकोणी चाचणी ठेवली. प्रत्येकापुढे तीन वाट्या असतात. दोन वाट्यांत एकच कॉफी आणि एकीत वेगळी असते, आणि ती वेगळी वाटी ओळखायची असते. मी, पत्नी आणि शेजारचे एक काका असे तिघे प्रत्येकी दोन वेळा चाखतो, म्हणजे सहा प्रयत्न होतात. वाट्यांची मांडणी मुलगी करते, ती स्वतः चाखत नाही. पंधरा ग्रॅमच्या एका भरणीतून जी कॉफी उतरते तिच्यात वीस मिलिलिटरच्या नऊ वाट्या सहज होतात, त्यामुळे प्रत्येक प्रकाराची एकच नळी पुरते.

नुसता अंदाज ठोकला तर सहापैकी दोन वेळा उत्तर योगायोगाने बरोबर येईल. सहापैकी पाच किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता योगायोगाने दोन टक्क्यांहूनही कमी असते, म्हणून पाचला मी ‘फरक आहे’ मानणार. चारला मानणार नाही, कारण चार किंवा अधिक दहातल्या एका वेळी नुसत्या नशिबानेही येतात.

आज सहापैकी सहा बरोबर आले. कपाटातली कॉफी दळतानाच ओळखू येत होती. तिला ओल्या पुठ्ठ्याचा वास येत होता आणि पाणी ओतल्यावर ती जवळपास फुगलीच नाही. नळीतली कॉफी फुगली आणि तिचा वास जूनमधल्या त्या शनिवारच्या कपासारखा होता, निदान मला तरी.

१८ जुलै २०२४, गुरुवार

देखभालीसाठी आज सकाळी नऊपासून वीज गेली ती संध्याकाळी चारला आली. फ्रीजर उघडू नका असे बजावूनही कोणीतरी मटार काढले. वीज आली तेव्हा खोक्याशेजारचा आकडा उणे २ अंश होता.

नळ्या टाकून द्याव्यात की काय, असा क्षणभर विचार आला. मग एकेक उजेडात धरून पाहिली. टेप जागेवर होती आणि काचेसारख्या भिंतीवर आतून कुठेही धुके किंवा खर नव्हती. बंद नळीत बाहेरचा ओलावा शिरलेला नाही आणि बीमध्ये गोठण्याजोगे पाणीच नाही, त्यामुळे ती अर्धवट वितळून पुन्हा गोठली तरी दवाच्या दृष्टीने काहीच घडलेले नाही. काही तास ती थोड्या उबेत राहिली, एवढेच. नळ्या ठेवल्या. एकाच नळीत दोन बियांवर पांढरे कण दिसले. तिचे झाकण अर्ध्या आट्याने सैल होते. ती त्याच दिवशी पिऊन टाकली.

११ ऑगस्ट २०२४

आठ आठवडे झाले. आजची तुलना खरी कसोटीची होती. त्याच मळ्याची, त्याच हंगामाची कॉफी भट्टीवाल्याने ३० जुलैला पुन्हा भाजली होती. ती बारा दिवस मुरवून आज नळीतल्या कॉफीसमोर ठेवली. दोन भाजण्या अगदी तंतोतंत सारख्या नसतात, हे या तुलनेतले उघड वैगुण्य आहे. पण जूनमधला कप आज पुन्हा चाखायला मिळणे शक्य नाही, त्यामुळे हाच मार्ग उरतो.

सहापैकी तीन बरोबर आले. अंदाजाने दोन यायचे, तीन आले, म्हणजे फरक सापडला नाही. सहा प्रयत्नांत न सापडणारा बारीक फरक असू शकतो, हेही इथे लिहून ठेवतो.

आणखी एक गोष्ट आज पडताळली. नळी वितळू न देता गोठलेल्याच बिया दळल्या तर काय होते? २०१६ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला होता. त्यात खोलीच्या तापमानापासून द्रव नायट्रोजनच्या तापमानापर्यंत बिया थंड करून दळल्या होत्या, आणि बी जितकी थंड तितकी भुकटी बारीक आणि एकसारखी पडते असे आढळले होते. माझ्या हाताच्या ग्राइंडरवरही ते जाणवले. त्याच खुणेवर दळलेल्या गोठलेल्या बियांची कॉफी कागदी गाळणीतून उतरायला २ मिनिटे ५० सेकंदांऐवजी ३ मिनिटे ५ सेकंद लागली आणि चव किंचित कडवट आली. ग्राइंडरची खूण एक घर जाडीकडे नेल्यावर ती जागेवर आली.

दवाच्या दृष्टीने गोठलेल्याच दळणे चालते, कारण नळी उघडल्यापासून भुकटी पाण्यात पडेपर्यंत दीड-दोन मिनिटेच जातात आणि तोवर चढलेले पाणी पुढच्या मिनिटाला कपात मिसळणारच असते. त्रास होतो तो ग्राइंडरला. त्याच्या पात्यांवर धूसर दव धरते आणि बारीक भुकटी त्यात लिंपून बसते. पावसाळ्यात तो तसाच बंद करून ठेवला तर दुसऱ्या दिवशी आत कुबट वास येतो. दळून झाल्यावर ब्रशने साफ करून तासभर उघडा ठेवावा लागतो. इतका व्याप मला नको आहे, म्हणून एरवी वितळवूनच दळतो. सकाळी उशीर झाला असेल त्या दिवशी मात्र गोठलेल्याच दळतो आणि ग्राइंडर मुलीवर सोपवतो.

६ ऑक्टोबर २०२४

सोळा आठवडे झाले. समोर २४ सप्टेंबरला भाजलेली आणि बारा दिवस मुरलेली कॉफी होती. सहापैकी पाच बरोबर आले.

म्हणजे आता फरक आहे. पण तो कुठे आहे हे जास्त महत्त्वाचे आहे. घोट घेताना तिघांचीही उत्तरे चाचरत येत होती. वाटी नाकाशी नेताच ती पक्की होत होती. दळल्या दळल्या येणारा जो गोडसर, संत्र्याच्या सालीसारखा वास होता, तो नळीतल्या कॉफीत दबलेला होता. गोडी, अंगभरपणा आणि शेवटची चव तशीच होती. सगळ्यात हलकी, उडून जाणारी द्रव्ये आधी जातात, हा कॉफीचा नेहमीचाच क्रम आहे आणि थंडीने तो बदललेला नाही, फक्त लांबवला आहे.

हा काळ मेळ खातो का, हे साध्या आडाख्याने तपासले. तापमान दर दहा अंशांनी उतरले की अशा प्रक्रियांचा वेग साधारण निम्मा होतो असे धरतात. खोलीचे २८ अंश आणि फ्रीजरचे उणे १८ यांत ४६ अंशांचा फरक आहे, म्हणजे वेग सुमारे चोविसाव्या भागावर येतो. वेग निम्मा न होता दीडपटीनेच घटतो असे मानले तर तो साधारण साडेसहाव्या भागावर येईल. सोळा आठवड्यांचे ११२ दिवस पहिल्या हिशेबाने खोलीतल्या पाच दिवसांएवढे आणि दुसऱ्या हिशेबाने सतरा दिवसांएवढे ठरतात. जिभेचा कौल याच पट्ट्यात कुठेतरी बसतो. ही कॉफी बारा दिवसांची न लागता तीन आठवड्यांच्या आसपासची लागली, आणि कपाटात ती आज चार महिन्यांची झाली असती.

म्हणूनच “फ्रीजरमध्ये कॉफी वर्षभर टिकते” या विधानाला अर्थ आहे, पण अर्धाच. पिण्याजोगी ती नक्की राहील. आठ आठवड्यांपर्यंत मला फरक दाखवता आला नाही, सोळाव्या आठवड्यात नाकाने दाखवला. याच्या मधे कुठे तो सुरू होतो हे मधल्या आठवड्यांत चाचणी न घेतल्यामुळे कळले नाही. नळीत हवाही होती, त्यामुळे निर्वात पिशवीत हा काळ लांबेल असा माझा कयास आहे. पण एकदम निर्वात केलेल्या पिशवीत भाजणीनंतर लगेच बिया भरल्या तर त्यांच्याच वायूने ती फुगते, म्हणून तिथेही मुरण्याची वाट पाहावीच लागेल.

आई परवा आली होती. तिला नळीतली आणि नव्या भाजणीची अशी दोन्ही कॉफी तिच्या पद्धतीने, दुधात जायफळ घालून दिली. तिने दोन्हींना “छान” म्हटले. जायफळाच्या कॉफीसाठी हा सगळा उद्योग करण्याची गरज नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

८ डिसेंबर २०२४

पंचवीस आठवडे झाले. शेवटच्या दोन नळ्या उरल्या होत्या, त्यांतली एक आज उघडली. समोर ठेवायला ताजी भाजणी नव्हती, त्यामुळे त्रिकोणी चाचणी झाली नाही. कप गोड आणि स्वच्छ होता, खवटपणा अजिबात नव्हता, पण दळताना खोलीभर वास पसरला नाही. जूनमध्ये तो शेजारच्या खोलीत पोचत असे.

वितळण्याची वेळ मात्र पुन्हा मोजली, आणि ती इतकी वेगळी निघाली की नियम बदलावा लागला. दुपारी २८ अंश तापमान आणि ३० टक्के आर्द्रता होती. अशा हवेचा दवबिंदू ९ अंशांच्या जरा खालीच असतो. सुईवाल्या नळीत मध्यावरचा आकडा तिथे नऊ-दहा मिनिटांतच पोचला आणि बाहेरून नळीवर जेमतेम धुके धरले. जुलैत अर्धा तास लागत होता. तापमान एकसारखे असले तरी वाट किती पाहायची हे हवेतल्या ओलाव्यावर ठरते. म्हणून भिंतीवरच्या कागदावर ‘तासभर’ खोडून ‘जून ते सप्टेंबर पाऊण तास, डिसेंबर ते मार्च वीस मिनिटे’ असे लिहिले. ऑक्टोबर-नोव्हेंबरसाठी नळीवरचे दव पुसल्यावर ते पुन्हा धरते का, हे पाहायचे. पुन्हा धरत असेल तर ती अजून थंड आहे.

पुढची किलोची पिशवी मंगळवारी येईल. ती बाराव्या दिवसाऐवजी दहाव्या दिवशी भरणार आहे, कारण या भाजणीची चव तिथेच सगळ्यात चांगली लागते असे दोघांनाही वाटले. या वेळी साठ नळ्या भरायच्या आहेत, झाकणांवर टेपचे तीन फेरे द्यायचे आहेत आणि दहाव्या, बाराव्या व चौदाव्या आठवड्यासाठी प्रत्येकी दोन नळ्या लाल टिकली लावून बाजूला ठेवायच्या आहेत. बोंबलांची पुडी आईकडे पाठवली आहे.